भाव नव्हे, तारीख: दारव्हा तालुक्यातल्या एका कृषी सेवा केंद्राने ठोकवाल्याशी अटी कशा बदलून घेतल्या

दारव्हा तालुक्यातल्या गावातलं कृषी सेवा केंद्र, यवतमाळचा ठोक विक्रेता आणि नऊ वर्षांचा व्यवहार. हे प्रकरण नमुन्यादाखल मांडलं आहे. नावं दिलेली नाहीत आणि हिशेब समजायला सोपा जावा म्हणून आकडे गोल धरले आहेत. अडचण मात्र खरीप धंदा करणाऱ्या कोणत्याही दुकानदाराच्या ओळखीची आहे.

दुकानाची या ठोकवाल्याकडून वर्षाची खरेदी वीस लाखांची. त्यात कपाशी आणि सोयाबीनचं बियाणं ६ लाख, खतं ३ लाख आणि फवारणीची औषधं व टॉनिक मिळून ११ लाख. खतं रोखीची आणि बियाण्याचे पैसे ३० जूनपर्यंत. औषधांना बिलापासून ६० दिवसांची उधारी, त्यानंतर महिना दीड टक्का व्याज. हंगाम संपला तेव्हा विक्री चांगली झाली होती, तरी दुकानदाराच्या हातात काही उरलं नव्हतं. पुढच्या वर्षी शेठजींकडून औषधांवर दोन टक्के भाव कमी करून घ्यायचा, नाही तर दुसरा ठोकवाला धरायचा, असं त्याच्या मनात होतं.

पैसा नेमका कुठे गेला

दोन टक्के मागायला जाण्याआधी त्याने जानेवारीत खातं उघडून बसून हिशेब केला. या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं काम तेच होतं. औषधांची बिलं १ जुलै ते १५ सप्टेंबर या काळातली. ११ लाखांपैकी ५ लाख मुदतीत गेले. उरलेले ६ लाख सरासरी अडीच महिने उशिरा गेले आणि त्यावर २२,५०० रुपये व्याज लागलं. कपाशीची २५ पाकिटं परत घ्यायला ठोकवाल्याने नकार दिला. खरेदीभाव ८४० रुपये धरला तर ते २१,००० झाले. पाकिटावरची मुदत उलटली की ते बियाणं विकता येत नाही, म्हणजे हा माल मातीमोलच. फडताळात पडलेल्या औषधांपैकी २८,००० रुपयांच्या मालाची मुदत पुढच्या जूनच्या आत संपत होती. डीएपीच्या गाडीसोबत न मागवता आलेल्या झिंकच्या आणि टॉनिकच्या मालात ९,००० अडकले होते.

बेरीज ८०,५००. ज्या दोन टक्क्यांसाठी तो भांडायला निघाला होता, ते ११ लाखांवर २२,००० होतात. म्हणजे मागणी मान्य झाली असती तरी तीन चतुर्थांश गळती तशीच राहिली असती. शिवाय भाव हीच एक गोष्ट अशी आहे की जी दिली तर ठोकवाल्याच्या खिशातून थेट पैसे जातात. तारीख, परतीची वेळ आणि मालाचा आकार या गोष्टी त्याला बऱ्याचदा फुकटात किंवा थोडक्यात देता येतात.

व्याज का लागलं, हेही खात्यातूनच दिसलं. जुलैच्या बिलाची मुदत सप्टेंबरात संपते. त्या वेळी शेतकऱ्याकडे पैसा नसतो, कारण सोयाबीन दसऱ्याच्या आसपास निघतं आणि कापसाचा पैसा दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत हळूहळू येतो. गावातली उधारी पिकाच्या चालीने वसूल होते आणि ठोकवाल्याचं बिल दिवस मोजून चढतं. दुकानदार बेशिस्त नव्हता. ६० दिवसांची अटच या पिकांना बसणारी नव्हती.

शेठजींच्या बाजूचा हिशेब

समोरच्याचा धंदा कसा चालतो हे माहीत नसेल, तर काय मागायचं हेही कळत नाही. ठोकवाला माल कंपनीकडून घेतो आणि लवकर पैसे भरले तर कंपनी त्याला रोख सूट देते. त्यासाठी तो बँकेची सीसी, म्हणजे मर्यादेपर्यंत व्याजाने उचल देणारं खातं, वापरतो. त्याला पैसा महिन्याला साधारण एक टक्क्याने पडतो असं इथे धरलं आहे. बियाण्याच्या कंपनीची परतीची खिडकी या प्रकरणात ३१ जुलैला बंद होत होती. दुकानदाराने पाकिटं पाठवली २० ऑगस्टला. ती घेतली असती तर शेठजींच्याच गोदामात मेली असती, म्हणून त्यांनी नकार दिला. त्यात आडमुठेपणा नव्हता.

तिसरी गोष्ट वसुलीची. गेल्या हंगामात शेठजींचा माणूस मोटरसायकलने आठ-नऊ वेळा गावात आला होता. प्रत्येक वेळी वीस-तीस हजार घेऊन गेला. पैसा कधी येणार हे माहीत नसणं हीच ठोकवाल्याची मोठी डोकेदुखी असते, कारण त्याला कंपनीला तारीख द्यावी लागते.

दुसऱ्या ठोकवाल्याचा भाव

याच काळात दुकानदाराने अमरावतीच्या एका ठोकवाल्याकडून भाव मागवला. औषधांवर तीन टक्के कमी, पण पैसे १५ दिवसांत आणि माल परतीची सोय नाही. वरवर पाहता तीन टक्के म्हणजे ३३,००० आणि वर २२,५०० व्याजही वाचणार, असे एकूण ५५,५००.

पण पैसा आधी भरायचा तर तो आणायचा कुठून? जुन्या पद्धतीत ५ लाख दोन महिन्यांनी आणि ६ लाख साडेचार महिन्यांनी जात होते. १५ दिवसांत भरायचं म्हणजे ५ लाख दीड महिना आधी आणि ६ लाख चार महिने आधी लागणार. बँकेच्या एक टक्का दराने त्याचं व्याज ३१,५०० होतं, खासगी दोन टक्क्यांनी ६३,००० होतं. या दुकानदाराची सीसी ३ लाखांची आणि ती बियाण्यातच भरलेली. म्हणजे पैसा खासगीतून आला असता आणि ५५,५०० वाचवायला ६३,००० गेले असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ज्याच्याकडे मोकळी सीसी आहे त्याला अमरावतीचा भाव २४,००० रुपयांनी स्वस्त पडतो. अशा दुकानदाराने नुसत्या जुन्या संबंधापोटी तो सोडू नये. या दुकानाला मात्र तो झेपणारा नव्हता. ते आधी कळल्यामुळे बोलणीत खोटी धमकी द्यायची वेळ आली नाही.

नवा ठोकवाला जोडायचा असेल तर आणखी एक अडचण असते. ज्या कंपनीचा माल विकायचा तिचं उगम प्रमाणपत्र परवान्यात नोंदवून घ्यावं लागतं. हे काम मार्चमध्ये निवांत होतं. जुलैत फवारणीच्या घाईत रागाने ठोकवाला बदलणाऱ्याचा परवाना मागे राहतो आणि माल पुढे येतो. तपासणीला आलेल्या गुणनियंत्रण निरीक्षकाकडून मग विक्री बंदचा कागद हातात पडतो.

बोलणी: केव्हा, कुठे, कोणत्या क्रमाने

वेळ निवडली फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. जुनं खातं १५ जानेवारीला निरंक झालं होतं आणि शेठजींचं कंपन्यांशी पुढच्या हंगामाचं बोलणं अजून व्हायचं होतं. बाकी अंगावर असताना अटी मागितल्या तर त्या मागणीला पैसे न देण्याच्या सबबीचा वास येतो. जूनमध्ये मागितल्या तर शेठजींच्या गादीवर वीस दुकानदार बसलेले असतात. सगळ्यांदेखत एकाला दिलेली सवलत सगळ्यांना द्यावी लागते, म्हणून तिथे उत्तर नाहीच असतं. दुकानदाराने फोन करून दुपारी चारनंतरची वेळ घेतली.

सुरुवात मागणीने झाली नाही, खातं जुळवण्याने झाली. शेठजींच्या वहीत दोन क्रेडिट नोटा चढल्या नव्हत्या, ६,४०० रुपयांच्या. आणि दुकानदाराच्या वहीत शेठजींचं ३,९०० रुपयांचं एक बिल राहून गेलं होतं. दुकानदाराने दोन्ही एकाच दमात सांगितलं. आपल्या फायद्याची चूक तेवढी दाखवणाऱ्याचा पुढचा प्रत्येक आकडा समोरचा संशयाने तपासतो.

मग शेठजीच म्हणाले, "भाऊ, भावाचं बोलणार असाल तर आधीच सांगतो, कंपनीच देत नाही. मी कुठून देऊ?"

"भावाचं नाही बोलत, शेठजी. भाव आहे तसाच राहू द्या. तारखेचं बोलायचं आहे."

या एका वाक्याने शेठजी खुर्चीत मागे टेकून बसले. ते ज्यासाठी तयार होते ते भांडण झालंच नाही. दुकानदाराने एक कागद पुढे ठेवला. त्यावर गेल्या हंगामात त्याने कोणत्या महिन्यात किती भरले एवढंच लिहिलं होतं. पहिली मागणी अशी होती: औषधांची सगळी बिलं एकत्र धरा, ३० टक्के १५ ऑक्टोबरला, ४० टक्के ३० नोव्हेंबरला, ३० टक्के १५ जानेवारीला, बिनव्याजी.

शेठजींनी नाही म्हटलं आणि त्यांचं बरोबर होतं. "जानेवारीपर्यंत तीन लाख फुकट वापराल, मी बँकेला काय सांगू? आणि दुसऱ्याने काऊन नाही मागायचं मग?" दुसरीकडून भाव घेतला का, हेही त्यांनी विचारलं. दुकानदाराने घेतला असं सांगितलं, आकडा सांगितला, नाव सांगितलं नाही. तो आपल्याला परवडत नाही हेही सांगितलं. हे कबूल करणं अनेकांना कमजोरी वाटेल. पण शेठजींना बाजारातले भाव तोंडपाठ असतात. परवडत नसलेला भाव दाखवून दबाव आणला असता तर "जा मग तिकडे" एवढं ऐकून परत यावं लागलं असतं.

दोन चहा आणि तासाभराच्या बोलण्यानंतर जुळलं ते असं. ४० टक्के १५ ऑक्टोबरला आणि ४० टक्के ३० नोव्हेंबरला, दोन्ही बिनव्याजी. उरलेले २० टक्के १५ जानेवारीला, त्यावर १ डिसेंबरपासून महिना एक टक्का. हप्ता चुकला तर जुना दीड टक्का, पण तो फक्त चुकलेल्या रकमेवर आणि चुकलेल्या तारखेपासून. बिलाच्या तारखेपासून नाही. हे शेवटचं वाक्य कागदावर नसेल तर एक हप्ता आठवडाभर चुकल्यावर सगळं जुनं व्याज परत अंगावर येतं.

शेठजी का तयार झाले ते आकड्यांत दिसतं. बिलांची मधली तारीख ८ ऑगस्ट धरली तर नव्या हप्त्यांनी त्यांच्याकडे पैसा सरासरी साडेतीन महिन्यांनी पोचतो. जुन्या पद्धतीत तो प्रत्यक्षात जवळपास तेवढ्याच दिवसांनी येत होता. फरक तीन-चार दिवसांचा. म्हणजे त्यांचा पैसा फारसा उशिरा होत नव्हता, फक्त दंडाचं व्याज २२,५०० वरून ३,३०० वर येत होतं. या १९,२०० च्या बदल्यात दुकानदाराने दोन गोष्टी दिल्या. बियाण्याचे ६ लाख ३० जूनऐवजी १० जूनला भरायचे, यातून शेठजींचे सुमारे ४,००० वाचतात. हे पैसे दुकानदार सीसीतून आणि मे महिन्याच्या रोख विक्रीतून काढणार होता, म्हणून त्याला ते जमणारं होतं. दुसरं म्हणजे हरभरा आणि गव्हाचं दोन लाखांचं बियाणं तो आतापर्यंत दुसरीकडून घेत होता, तेही यांच्याकडूनच घ्यायचं. त्यानंतरही जे भरून निघत नव्हतं ते शेठजींनी सोडलं, कारण वसुलीला माणूस पाठवायची गरज उरत नव्हती.

परतीचा माल

बियाण्याचं बोलणं पाच मिनिटांत झालं. दुकानदाराने १५ जुलैला शिल्लक पाकिटांची यादी पाठवायची, २० जुलैपर्यंत माल यवतमाळला पोचवायचा आणि त्याच दिवशी पोच घ्यायची. शेठजींनी ३१ ऑगस्टपर्यंत क्रेडिट नोट द्यायची. परतीची मर्यादा खरेदीच्या दहा टक्के. जुलैच्या मध्यापर्यंत कपाशीची लागवड उरकत आलेली असते, त्यामुळे १५ तारीख दुकानदारालाही जड नव्हती.

पण परत जाणारं पाकीट नाकारलं जाण्याची कारणं ठरलेली आहेत आणि ती दुकानातच घडतात. फरशीवर ठेवलेल्या खोक्याला ओल लागते, उंदीर कोपरा कुरतडतो किंवा दुकानदार पाकिटावर पेनाने गिऱ्हाइकाचं नाव लिहितो. सगळ्यांत जास्त घोळ लॉट नंबरचा. शेजारच्या दुकानातून अडीनडीला घेतलेली पाकिटं आपल्या मालात मिसळतात आणि तो लॉट शेठजींच्या बिलावर सापडत नाही. म्हणून बियाणं लाकडी पाटावर ठेवायचं आणि उसनं आणलेलं पाकीट वेगळ्या खोक्यात टाकायचं, एवढं ठरलं.

औषधांच्या परतीला शेठजी सहज तयार झाले नाहीत. शेवटी सीलबंद पेटी ३० सप्टेंबरपर्यंत परत, मुदत किमान नऊ महिने शिल्लक असेल तरच. फोडलेली पेटी परत नाही. त्यापेक्षा जास्त फायदा झाला तो मागणीची पद्धत बदलल्याने. पूर्वी जुलैच्या सुरुवातीला चार लाखांचा माल एकदम येऊन पडायचा. आता सोमवारी फोन आणि बुधवारी माल. २५,००० च्या वर असेल तर भाडं शेठजींचं, खाली असेल तर ३०० रुपये दुकानदाराचे. कोणती कीड येणार हे जुलैत कुणालाच ठाऊक नसतं. तुडतुडे-मावा राहिला बाजूला आणि बोंडअळीच जोरात आली, तर आधी भरलेला माल फडताळातच राहतो.

खतासोबत न मागवलेला माल माथी मारणं, म्हणजे लिंकिंग, कायद्याला धरून नाही आणि त्याची तक्रार कृषी विभागाकडे करता येते. पण वरून कंपनीने शेठजींवर लादलेलंच खाली येतं हेही खरं. दुकानदाराने सांगितलं, "साठ पोती लिंकिंगसह देण्यापेक्षा चाळीस पोती नुसती द्या." कागदावर वाक्य आलं: मागणीपत्रात नसलेला माल उतरवून घेतला जाणार नाही, गाडीवाल्याने तो परत न्यावा.

कोरे चेक

हा विषय सर्वांत नाजूक होता, म्हणून शेवटी काढला. शेठजींकडे दुकानदाराचे सही केलेले दोन कोरे चेक वर्षानुवर्षं पडून होते. कोऱ्या चेकवर पुढे कोण काय आकडा घालेल याचा भरवसा नसतो. आज शेठजी आहेत, उद्या गादीवर दुसरं कुणी असेल. दुकानदाराने ते परत मागितले आणि त्याऐवजी पहिल्या दोन हप्त्यांच्या तारखा व रकमा घातलेले चेक सप्टेंबर अखेरीस, अंतिम बेरीज झाल्यावर, द्यायचं कबूल केलं. शेठजींची हमी जशीच्या तशी राहिली, दुकानदाराची भीती गेली.

सगळं एका पानावर मराठीत लिहिलं, दोघांनी सह्या केल्या, मोबाइलवर फोटो काढून एकमेकांना पाठवले. स्टॅम्पपेपर केला नाही. तो काढला असता तर नऊ वर्षांच्या ओळखीत उगाच वकिलाचा वास आला असता.

पहिल्या हंगामात काय झालं

खरेदी जवळपास तेवढीच, ११ लाखांची झाली. १५ ऑक्टोबरच्या हप्त्यालाच अडलं. काही मोठ्या शेतकऱ्यांनी सोयाबीन हमीभावाच्या केंद्रावर दिलं होतं आणि पैसे खात्यात यायचे होते. ४ लाख ४० हजारांपैकी १ लाख २० हजार कमी पडणार हे दुकानदाराला ५ तारखेलाच दिसलं. त्याने त्याच दिवशी फोन केला, ३ लाख २० हजार तारखेला आरटीजीएस केले आणि उरलेल्यांसाठी ४ नोव्हेंबर सांगितली. शेठजींनी चेक बँकेत टाकला नाही, परत दिला. फोन १६ तारखेला गेला असता तर चेक आधीच लागलेला असता. तो वटला नसता आणि मग चेक परतीची नोटीस, बँकेचा दंड आणि तोंड चुकवणं, सगळंच सुरू झालं असतं. उरलेली रक्कम ठरल्या दिवशी गेली, वीस दिवसांचं व्याज १,२०० रुपये लागलं.

बियाण्याची ३८ पाकिटं परत गेली, सहा नाकारली गेली. त्यातल्या पाचांना ओल लागली होती, एकाचा लॉट जुळला नाही. मुदत संपायला आलेली औषधं ९,००० वर आली. लिंकिंग पूर्ण थांबलं नाही. ऑगस्टमध्ये डीएपीची टंचाई झाली तेव्हा शेठजींनी स्वतः फोन करून सांगितलं की या गाडीत झिंक घ्यावंच लागेल. दुकानदाराने निम्मं घेतलं, निम्मं परत पाठवलं. त्यात ४,००० अडकले. सगळी गळती मिळून साडेबावीस हजारांच्या आसपास राहिली.

पुढच्या फेब्रुवारीत तोच कागद पुन्हा टेबलावर आला. पहिल्या हप्त्याची तारीख १५ ऐवजी ३१ ऑक्टोबर करावी असं दुकानदाराने मागितलं. शेठजींनी टक्का ४० वरून ४५ करून घेतला आणि तारीख दिली. बाकी ओळींना हात लागला नाही.